ग्रुपमधली विक्री आणि शिल्लक मालात अडकलेला नफा : एकत्रीकरणाच्या नोंदी क्रमाने कशा कराव्यात

एकत्रित हिशेबपत्रके करताना आंतर-कंपनी विक्रीच्या नोंदी जवळजवळ सगळेच करतात, तरी आकडा चुकतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं : दोन वेगळी कामं एका नोंदीत कोंबलेली असतात. ग्रुपमधल्या एका कंपनीने दुसरीला वर्षभरात जेवढा माल विकला तेवढी सगळी विक्री काढायची, मग तो माल पुढे बाहेर गेलेला असो वा नसो. नफा मात्र फक्त त्याच मालावरचा काढायचा, जो ३१ मार्चला घेणाऱ्या कंपनीच्या गोदामात पडून आहे. पहिलं काम विक्रीच्या खात्यातून सुरू होतं, दुसरं गोदामाच्या यादीतून. हे डोक्यात पक्कं ठेवून पुढे वाचा.

सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. पुण्यात पंप विकणारी होल्डिंग कंपनी आहे. नाशिकला पंप बनवणारी तिची उपकंपनी आहे आणि तिचे ८० टक्के शेअर्स पुण्याकडे आहेत. सोयीसाठी दोघींना ‘पुणे’ आणि ‘नाशिक’ म्हणू. नाशिकने २०२४-२५ मध्ये पुण्याला पहिल्यांदाच माल दिला. उत्पादन खर्चावर २५ टक्के चढवून, जीएसटी सोडून, ५०० लाखांचा. नाशिकला तो पडला ४०० लाखांना. दोन्ही कंपन्यांना इंड एएस लागू आहे.

## टप्पा १ : नोंदीला हात लावण्याआधीची तयारी

पुण्याकडून ३१ मार्चची मालाची यादी मागवा आणि ती पुरवठादारानुसार हवी असं स्पष्ट सांगा. ‘शिल्लक माल ३४० लाख’ एवढ्या एका ओळीवर काहीच करता येत नाही. त्यातला नाशिकहून आलेला माल कोणता, कुठल्या मॉडेलचे किती नग आणि दर काय, हे हवं. आपल्या उदाहरणात ती यादी अशी आली :

| मॉडेल | नग | पुण्याच्या यादीतला दर | त्यात वाहतूक | नाशिकचा बिलाचा दर |
|---|---|---|---|---|
| मोनोब्लॉक | १,२०० | ५,३०० | ३०० | ५,००० |
| सबमर्सिबल | ३२० | १३,२५० | ७५० | १२,५०० |

गुणाकार केला तर यादीत १०६ लाख होतात. त्यातले ६ लाख पुण्याने ट्रान्सपोर्टवाल्याला दिलेलं भाडं आहे. हे भाडं ग्रुपबाहेर गेलेलं आहे आणि माल गोदामापर्यंत आणण्याचा खरा खर्च आहे, त्यामुळे ते मालाच्या किमतीत राहणार. नफा शोधायचा तो उरलेल्या १०० लाखांत.

नाशिककडून त्याच मॉडेलचा उत्पादन खर्च मागवा. इथे एक खाच आहे. विक्री विभागाच्या किंमत-पत्रकातला ‘खर्च’ आणि शिल्लक मालाच्या मूल्यांकनातला खर्च हे बऱ्याचदा वेगळे असतात. किंमत-पत्रकात ऑफिसचा खर्च, कधी विक्रीचा खर्चही धरलेला असतो. इंड एएस २ प्रमाणे तो मालाच्या किमतीत बसत नाही. समजा पत्रकातल्या ४,००० मध्ये २०० रुपये ऑफिस खर्चाचे असते, तर मालाचा खर्च ३,८०० आणि काढायचा नफा १,००० ऐवजी १,२०० झाला असता. म्हणून नाशिकच्या स्वतःच्या गोदामात तोच पंप ३१ मार्चला कोणत्या दराने धरला आहे ते पाहा आणि तोच दर घ्या. आपल्या उदाहरणात मोनोब्लॉकचा दर ४,००० आणि सबमर्सिबलचा १०,००० आहे, दोन्ही मूल्यांकनातूनच घेतलेले.

तपासा : यादीवर भौतिक मोजणीची तारीख आहे का? मोजणी २८ मार्चची आणि खाती ३१ ची असतील, तर मधल्या तीन दिवसांची आवक-जावक जोडून घ्या. मार्चअखेरच्या आठवड्यात नाशिकहून किती गाड्या सुटतात हे ज्याने पाहिलंय त्याला हे सांगायला नको.

## टप्पा २ : दोन्ही बाजूंचे आकडे जुळवा

नाशिकच्या वहीत पुण्याला विक्री ५०० लाख दिसते. पुण्याच्या वहीत नाशिककडून खरेदी ४९० लाख. नाशिकची येणी पुण्याकडून ७१ लाख, पुण्याची देणी नाशिकला ५८.७६ लाख. फरक १२.२४ लाखांचा.

हा फरक ‘सस्पेन्स’ मध्ये टाकायचा नाही, फोडायचा. ३० मार्चला नाशिकहून सुटलेले २०० मोनोब्लॉक ३१ ला वाटेत होते. त्यांचे १० लाख आणि १८ टक्क्यांनी जीएसटी १.८० लाख, मिळून ११.८० लाख. उरले ०.४४ लाख. पुण्याची उलाढाल १० कोटींच्या वर असल्याने तिने कलम १९४क्यू खाली, ५० लाखांच्या पुढच्या ४४० लाखांवर ०.१ टक्का टीडीएस कापला होता आणि नाशिकने तो नोंदवलाच नव्हता.

टीडीएसची नोंद नाशिकच्या वहीत करा. ती रक्कम आता सरकारकडून येणं आहे, पुण्याकडून नाही, आणि एकत्रित ताळेबंदातही ती येणं म्हणून राहील. वाटेतल्या मालाची नोंद एकत्रीकरणाच्या तक्त्यात पुण्याच्या रकान्यात करा :

- तयार मालाची खरेदी, नावे १०
- जीएसटीचे येणे (माल हाती आल्यावर मिळणारे क्रेडिट), नावे १.८०
- नाशिकचे देणे, जमा ११.८०

आणि लगेच दुसरी, जी हमखास विसरली जाते :

- वाटेतला माल (शिल्लक), नावे १०
- मालसाठ्यातील बदल, जमा १०

पहिली केली आणि दुसरी राहिली, तर ग्रुपचा नफा १० लाखांनी कमी दिसतो आणि मग ‘एलिमिनेशन चुकलं’ म्हणून लोक पुढच्या टप्प्यात चूक शोधत बसतात.

आता विक्री-खरेदी ५००-५०० झाली. येणी ७०.५६ लाख आणि देणीही ७०.५६ लाख. ही येणी-देणी एकमेकांसमोर काढून टाका. त्यात जीएसटी धरलेला असतो, विक्रीत नसतो, म्हणून दोन्हींचे आकडे एकाच पट्टीने मोजू नका.

थांबा : फरक शून्यावर येईपर्यंत टप्पा ३ सुरू करू नका. न जुळलेल्या आकड्यांवर केलेली नोंद पुढे कुठल्या ना कुठल्या ओळीत उगवतेच, आणि ऑडिटर आला की ती आधी त्याला दिसते.

## टप्पा ३ : विक्री काढा

- विक्री महसूल, नावे ५००
- तयार मालाची खरेदी, जमा ५००

नफ्यावर या नोंदीचा परिणाम शून्य. तिच्यामुळे नफा एक रुपयाने जरी हलला, तर नोंद चुकली समजा.

जमा बाजू कुठल्या ओळीत जाते याकडे मात्र लक्ष द्या. पुणे पंप घेऊन जसेच्या तसे विकते, म्हणून तिच्या पत्रकात ही रक्कम ‘तयार मालाची खरेदी’ या ओळीत आहे. तिथूनच ती काढायची. पुणे तेच पंप एखाद्या मोठ्या यंत्रात बसवून विकत असती, तर ती रक्कम ‘वापरलेला कच्चा माल’ या ओळीत असती. नाशिकचे ४०० लाख तिच्या कच्चा माल, मजुरी, वीज अशा ओळींत आहेत आणि ते तिथेच राहणार. ग्रुपने पंप खरेदी केलेले नाहीत, बनवले आहेत.

त्याच कारणाने ताळेबंदाच्या टिपेतही बदल येतो. पुण्याच्या पत्रकात हे पंप ‘विक्रीसाठी घेतलेला माल’ आहेत. ग्रुपच्या पत्रकात ते ‘तयार झालेला उत्पादित माल’ होतात. एकूण बेरीज तीच राहते, वर्गवारी बदलते, आणि बेरीज जुळत असल्यामुळेच ही चूक वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही.

## टप्पा ४ : अडकलेला नफा मोजा

नगांवरून मोजा, टक्केवारीवरून नाही. गोदामातले १,२०० आणि वाटेतले २०० मिळून मोनोब्लॉक १,४००. प्रत्येकात १,००० रुपये नफा, म्हणजे १४ लाख. सबमर्सिबल ३२०, प्रत्येकी २,५००, म्हणजे ८ लाख. एकूण २२ लाख.

टक्केवारीने पडताळा घ्या : नाशिकच्या दराने शिल्लक माल ११० लाख, त्यात नफा २५ भागिले १२५, म्हणजे २२ लाख. जुळलं.

इथेच सर्वात जास्त घसरण होते. ‘२५ टक्के नफा’ हे खर्चावर आहेत, बिलाच्या किमतीवर नाहीत. बिलावर तो २० टक्केच होतो. ११० लाखांचे थेट २५ टक्के काढले तर २७.५० लाख येतात, साडेपाच लाख जास्त. मी स्वतः उमेदवारीच्या दिवसांत हे केलं आहे. सीनियरने फक्त एवढंच विचारलं, ‘हे पंप कारखान्यात कितीला पडतात?’ ११० मधून २७.५० वजा करून उरणारे ८२.५० लाख आणि नाशिकच्या खर्चाने येणारे ८८ लाख शेजारी ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. दुसरी घसरण भाड्याची. १०६ लाखांवर २५/१२५ लावलं की १.२० लाख जादा नफा निघतो, जो कुणी कमावलेलाच नव्हता.

वर दोन्ही मॉडेलवर सारखंच मार्जिन आहे म्हणून टक्केवारीचा पडताळा बसला. प्रत्यक्षात तसं क्वचित असतं. एका मॉडेलवर १० टक्के आणि दुसऱ्यावर ४० असतील आणि गोदामात नेमकं ४० वालंच साचलं असेल, तर नाशिकच्या वर्षभराच्या सरासरी मार्जिनने काढलेला आकडा फार कमी येतो. न खपणाऱ्या मालावरच मार्जिन जास्त असण्याचे प्रकारही दिसतात, तेव्हा सरासरीचा मोह टाळा.

वर्षात दर बदलला असेल तर आणखी एक प्रश्न विचारा : गोदामात आज आहे तो माल कुठल्या बिलांचा? पुणे ‘आधी आलेला आधी गेला’ पद्धत वापरत असेल तर शेवटच्या बिलांचं मार्जिन घ्या. भारित सरासरी वापरत असेल तर त्या सरासरीत मिसळलेलं मार्जिन घ्यावं लागेल.

### किंमत आधीच खाली आणलेला माल

पुण्याने जुन्या मॉडेलची किंमत बाजारभावामुळे स्वतःच कमी केली असेल, तर त्यातला नफा काही प्रमाणात आधीच निघून गेलेला असतो. समजा एका लॉटचं बिल ५ लाखांचं होतं आणि नाशिकचा खर्च ४ लाख. पुण्याने तो ४.६० लाखांवर आणला. अडकलेला नफा आता १ लाख नाही, ०.६० लाख. पुण्याने तो ३.८० लाखांवर आणला असेल, तर काढायला नफा उरलाच नाही, आणि खालचे ०.२० लाख हा ग्रुपचा खरा तोटा आहे. तो तसाच राहू द्या. आपल्या उदाहरणात असा लॉट नाही, पण तुमच्या यादीत असणारच.

एक्सेलमध्ये B मध्ये नग, C मध्ये नाशिकचा खर्च आणि D मध्ये भाडं वगळून पुण्याच्या वहीतला दर ठेवला, तर हे सूत्र पुरतं :

```
=B2*MAX(0,D2-C2)
```

सावधान : D चा दर C पेक्षा कमी का आहे ते ओळीओळीने पाहा. पुण्याने किंमत खाली आणल्यामुळे असेल तर शून्य बरोबर. पण नाशिकने मुळात खर्चापेक्षा कमी दराने बिल केलं असेल, तर तो अडकलेला तोटा आहे. तो माल बाहेर विकून खर्च वसूल होणार असेल, तर तोटाही नफ्यासारखाच काढावा लागतो, आणि हे सूत्र तो गिळून टाकतं.

## टप्पा ५ : नफा काढण्याची नोंद

- मालसाठ्यातील बदल (नफा-तोटा पत्रक), नावे २२
- शिल्लक माल, जमा २२

पूर्ण २२ लाख. ८० टक्के नाही. ‘आपला हिस्सा ८० टक्के, म्हणून १७.६० लाख’ हा हिशेब अजूनही दिसतो. इंड एएस ११० आणि जुनं एएस २१ दोन्ही पूर्ण नफा काढायला सांगतात. हिश्शापुरता काढायचा तो असोसिएट किंवा संयुक्त उपक्रमाशी झालेल्या व्यवहारांत, आणि ते वेगळं काम आहे.

तपासा : एकत्रीकरण विसरून ग्रुपला एकच दुकान समजा. पुण्याने ३९० लाखांच्या (नाशिकच्या दराने) मालाची बाहेर ४५० लाखांना विक्री केली. तो माल कारखान्यात ३१२ लाखांना पडला होता. एका दुकानाचा नफा १३८ लाख. आता दोन वह्यांवरून : नाशिकचा १००, पुण्याचा ६०, बेरीज १६०, वजा २२, बरोबर १३८. शिल्लक माल पाहा : यादीतले १०६ आणि वाटेतले १० मिळून ११६, वजा २२, उरले ९४. कारखान्याचा खर्च ८८ अधिक भाडं ६, तेही ९४. हे दोन आकडे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. (विकलेल्या मालाचं भाडं आणि इतर खर्च दोन्ही बाजूंना सारखेच येतात म्हणून इथे धरलेले नाहीत.)

## टप्पा ६ : डिफर्ड टॅक्स

नाशिकने तिच्या २२ लाखांवर कर भरला आहे. ग्रुपच्या दृष्टीने तो नफा अजून झालाच नाही. त्याच वेळी पुण्याच्या कराच्या हिशेबात माल बिलाच्या दराने आहे आणि एकत्रित ताळेबंदात २२ लाखांनी कमी. या फरकावर इंड एएस १२ प्रमाणे डिफर्ड टॅक्स येतो.

दर कुणाचा? माल ज्याच्या हातात आहे त्याचा, म्हणजे पुण्याचा. पुणे कलम ११५बीएए निवडलेली कंपनी आहे, दर २५.१६८ टक्के. नाशिक ही नवी उत्पादन कंपनी म्हणून ११५बीएबी खाली १७.१६ टक्क्यांनी कर भरत असली, तरी इथे तो दर घ्यायचा नाही. कारण फरक उलटेल तो पुण्याच्या हातून माल विकला गेल्यावर आणि पुण्याच्या करात.

- डिफर्ड टॅक्स मालमत्ता, नावे ५.५४
- डिफर्ड टॅक्स (नफा-तोटा पत्रक), जमा ५.५४

सावधान : इंड एएस लागू नसलेला, एएस २१ वर चालणारा ग्रुप असेल तर ही नोंद करू नका. तिथे एकत्रित पत्रकातला कर म्हणजे दोन्ही कंपन्यांच्या करांची बेरीज. इंड एएसवाल्या ग्रुपचा तक्ता उचलून एएसवाल्या ग्रुपमध्ये वापरला की हीच ओळ चुकून येते.

## टप्पा ७ : वीस टक्केवाल्यांचा हिस्सा

माल कुठून कुठे गेला हे विचारा. इथे उपकंपनीने होल्डिंगला विकला. नफा नाशिकच्या वहीत बसला आहे आणि नाशिकमध्ये बाहेरच्यांचे २० टक्के आहेत. म्हणून काढलेल्या नफ्याचा २० टक्के भार त्यांच्यावर.

२२ मधून ५.५४ गेले, उरले १६.४६ लाख. त्याचे २० टक्के ३.२९ लाख.

- अल्पांश भागधारकांचा हिस्सा (ताळेबंद), नावे ३.२९
- नफ्यातील त्यांचा वाटा (वाटपाची ओळ), जमा ३.२९

उलट पुण्याने नाशिकला माल दिला असता, तर नफा पुण्याच्या वहीत असता आणि सगळा भार होल्डिंगच्या भागधारकांवर आला असता. ही नोंदच नसती. दोन्ही दिशांनी व्यवहार होत असतील तर दोन वेगळे तक्ते ठेवा.

## टप्पा ८ : पुढच्या वर्षी

सर्वात महागडी चूक इथली. वरच्या सगळ्या नोंदी एकत्रीकरणाच्या तक्त्यात असतात, कंपन्यांच्या वह्यांत नसतात. १ एप्रिलला पुण्याची वही तीच जुनी आरंभीची शिल्लक घेऊन उघडते, २२ लाख नफ्यासकट. तुम्ही काहीच केलं नाही, तर मागच्या वर्षी ग्रुपच्या नफ्यातून काढलेले २२ लाख परत कधीच येत नाहीत, आणि एकत्रित राखीव नफ्याची आरंभीची रक्कम मागच्या अंतिम रकमेशी जुळत नाही.

म्हणून २०२५-२६ च्या तक्त्यात पहिली नोंद ही :

- राखीव नफा (आरंभीचा), नावे १३.१७
- अल्पांश भागधारकांचा हिस्सा (आरंभीचा), नावे ३.२९
- डिफर्ड टॅक्स (नफा-तोटा पत्रक), नावे ५.५४
- मालसाठ्यातील बदल (आरंभीचा माल), जमा २२

मागच्या वर्षीचा माल या वर्षी विकला गेला, तेव्हा तो नफा आता खरा झाला असं ही नोंद सांगते. त्यानंतर या वर्षाच्या शिल्लक मालावर टप्पा ४ ते ६ नव्याने. समजा ३१ मार्च २०२६ ला नाशिकचा माल १५० लाखांचा आहे, मार्जिन तेच. अडकलेला नफा ३० लाख, त्यावर डिफर्ड टॅक्स ७.५५ लाख. या वर्षाच्या करपूर्व नफ्यावर निव्वळ परिणाम ३० वजा २२, म्हणजे फक्त ८ लाखांचा. करानंतर तो ५.९९ लाख, आणि त्यातला अल्पांश भागधारकांचा या वर्षाचा भार १.२० लाख.

आरंभीची नोंद न करता नुसते ८ लाख काढणारे भेटतात. नफा-तोटा पत्रक त्याने बरोबर येतं, म्हणून त्यांना आपलं चुकलंय हे पटत नाही. पण शिल्लक माल ३० ऐवजी ८ नेच कमी होतो, आणि ताळेबंदात २२ लाखांचा न कमावलेला नफा तसाच पडून राहतो.

तपासा : मागच्या वर्षी आलेल्या १,२०० मोनोब्लॉकपैकी काही या वर्षीही गोदामात असतील. त्यांच्यासाठी आरंभीची नोंद अर्धवट उलटवू नका. ती पूर्ण उलटवा. उरलेले नग या वर्षाच्या शिल्लक यादीत आलेलेच असतात आणि त्यांचा नफा तिथे पुन्हा निघतो. फक्त त्यांचा दर त्या जुन्या बिलाचा लावला आहे ना, एवढं बघा.